केशवानंद भारती निकालपत्र: चौघांची वाटणी आणि जोडलेला सारांश

ओंकार, रेश्मा, तेजस,

सोमवारच्या सेमिनारसाठी सरांनी केशवानंद भारती पूर्ण वाचायला दिलंय. एससीसीमध्ये ते (1973) 4 SCC 225 पासून सुरू होतं आणि सातशेहून जास्त पानांचं आहे. प्रत्येकाने सगळं वाचायचं म्हटलं तर रविवारपर्यंत चौघांचीही पहिली शंभर पानंच होतील, त्यामुळे वाटून घेऊ. पण पानं मोजून चार ढीग करायचे नाहीत. न्यायाधीश तेरा असले तरी निकालपत्रं अकरा आहेत, कारण शेलाट-ग्रोव्हर आणि हेगडे-मुखर्जी यांनी जोडीने लिहिलंय. पानांवर तोडलं तर एखाद्या निकालपत्राचा युक्तिवाद एकाकडे आणि निष्कर्ष दुसऱ्याकडे जाईल, आणि मग ते जोडताच येणार नाहीत.

ओंकार: शेलाट-ग्रोव्हर, हेगडे-मुखर्जी, जगनमोहन रेड्डी.

रेश्मा: खन्ना आणि चंद्रचूड. तुझ्याकडे मुद्दाम दोनच ठेवलेत. खन्नांवर अख्खा निकाल फिरतो, त्यांचं निकालपत्र घाईत वाचून चालणार नाही. पुण्यात कायदा शिकलेले चंद्रचूड त्यांच्या विरुद्ध बाजूला आहेत. एकाच डोक्याने दोघांना वाचलं की फरक नेमका कुठे सुरू होतो ते दिसेल.

तेजस: रे, पालेकर, मॅथ्यू.

मी: सरन्यायाधीश सिक्री, बेग, द्विवेदी, शिवाय पार्श्वभूमी आणि शेवटी जोडलेलं बहुमताचं निवेदन. जोडकाम माझ्याकडे.

खन्नांचे निष्कर्षाचे परिच्छेद मात्र चौघांनीही वाचायचे. ते डोक्यात नसतील तर आपला न्यायाधीश कुणापासून किती दूर आहे ते कळणार नाही.

प्रत्येक निकालपत्राला हेच चार प्रश्न, याच क्रमाने विचारा. अनुच्छेद 13 मधल्या 'कायदा' या शब्दात घटनादुरुस्ती येते का? अनुच्छेद 368 खालच्या अधिकाराला मर्यादा आहे का, आणि असेल तर ती कशातून येते? 25 व्या दुरुस्तीतला 31-ग टिकतो का, पूर्ण की अर्धा? 29 वी दुरुस्ती टिकते का? एखाद्याने प्रश्नाला हातच घातला नसेल तर 'मत नाही' असं स्पष्ट लिहा, जागा रिकामी सोडू नका. रिकाम्या जागेवरून तुम्ही वाचलं नाही की न्यायाधीश बोलले नाहीत, हे मला समजणार नाही.

वाक्य कुठलंही असो, त्यापुढे पॅरा नंबर हवाच. वकिलांचा युक्तिवाद आणि न्यायाधीशाचं मत यांत गफलत होऊ देऊ नका. पालखीवाला आणि सीरवाई यांची मांडणी न्यायाधीश पानंच्या पानं सांगतात, आणि ती त्यांची स्वतःचीच वाटायला लागते. म्हणून आधी निष्कर्ष वाचा, मग सुरुवातीकडे या. एका निकालपत्राला एकच पान. शनिवारी रात्रीपर्यंत सामायिक फाईलमध्ये आपापल्या नावाखाली टाका. दुसऱ्याच्या भागात बदल करू नका, शेजारी शेरा लिहा.

सायली

---

रविवार, सकाळ

तिघांचे भाग वाचले. तेजस, मॅथ्यूंचं पान मी दोनदा वाचलं, फार नेटकं झालंय. सारांश खाली आहे. भाग एकाखाली एक चिकटवलेले नाहीत, सगळं चार प्रश्नांभोवती पुन्हा लिहिलंय, म्हणून आपापली वाक्यं शोधू नका, आपला मुद्दा आलाय का तेवढं बघा. पॅरा नंबर तुमच्या मूळ पानांवर आहेत, उद्या ती पानंही बरोबर आणा.

जोडलेला सारांश

केरळमधल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांनी 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यांमुळे मठाच्या जमिनीवर गदा येत होती. याचिका प्रलंबित असतानाच संसदेने तीन घटनादुरुस्त्या केल्या आणि एका मठाच्या जमिनीचा प्रश्न संसदेच्या अधिकाराचा प्रश्न झाला.

त्याआधीचा क्रम असा. शंकरी प्रसाद (1951) आणि सज्जन सिंग (1965) या खटल्यांत न्यायालयाने म्हटले की संसद मूलभूत हक्कही दुरुस्त करू शकते. गोलकनाथमध्ये (1967) अकरा न्यायाधीशांच्या पीठाने 6 विरुद्ध 5 अशा मताने ते उलटवले. त्यानंतर 1970 मध्ये बँक राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे या दोन्ही प्रकरणांत सरकार हरले. संसदेचे उत्तर 24 व्या दुरुस्तीतून आले: मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता येईल आणि राष्ट्रपतींना अशा विधेयकाला संमती द्यावीच लागेल. 25 व्या दुरुस्तीने मालमत्ता संपादनातल्या 'नुकसानभरपाई'च्या जागी 'रक्कम' हा शब्द आणला आणि 31-ग घातला. 29 व्या दुरुस्तीने केरळचे दोन सुधारणा कायदे नवव्या अनुसूचीत टाकले.

गोलकनाथ तपासायचा तर त्याहून मोठे पीठ हवे, म्हणून तेरा न्यायाधीश बसले. सुनावणी 31 ऑक्टोबर 1972 पासून 23 मार्च 1973 पर्यंत, 68 दिवस चालली. निकाल 24 एप्रिल 1973 रोजी लागला.

पहिल्या प्रश्नावर गोलकनाथ रद्द ठरला. घटनादुरुस्ती हा अनुच्छेद 13 मधला 'कायदा' नव्हे. 24 वी दुरुस्ती सर्वांनी वैध ठरवली. मात्र सिक्रींसह काहींनी ती स्वीकारताना दुरुस्तीच्या अधिकारालाच मर्यादा आहे असे धरले. त्यामुळे 'वैध' या एका शब्दाखाली दोन वेगळे अर्थ आहेत.

दुसरा प्रश्न हा खटल्याचा गाभा आहे, आणि येथे तेरा न्यायाधीशांचे तीन गट पडतात. सिक्री, शेलाट, ग्रोव्हर, हेगडे, मुखर्जी आणि रेड्डी या सहा जणांच्या मते अधिकारावर अध्याहृत मर्यादा आहेत. घटनेची मूलभूत वैशिष्ट्ये संसद पुसून टाकू शकत नाही. सिक्रींनी दिलेली यादी अशी: घटनेची सर्वोच्चता, प्रजासत्ताक व लोकशाही शासनपद्धती, धर्मनिरपेक्ष स्वरूप, सत्ताविभाजन आणि संघराज्य. शेलाट-ग्रोव्हर यांनी तिच्यात व्यक्तीची प्रतिष्ठा आणि देशाची एकता व अखंडता यांची भर घातली.

रे, पालेकर, मॅथ्यू, बेग, द्विवेदी आणि चंद्रचूड या सहा जणांनी अशी मर्यादा नाकारली. घटनेची आवश्यक आणि अनावश्यक अशी फोड करता येत नाही, हे रे यांचे म्हणणे. कोणती तरतूद मूलभूत ते न्यायाधीशांनी ठरवायचे झाले तर त्याला निश्चित मोजमाप नाही, ही या बाजूची खरी हरकत आहे आणि ती हलकी नाही.

राहिले खन्ना. त्यांनी अध्याहृत मर्यादांचा सिद्धांत स्वीकारला नाही. ते 'दुरुस्ती' या शब्दाकडेच गेले. दुरुस्ती म्हणजे जुनी घटना बदल होऊनही टिकून राहिली पाहिजे; ती मोडून तिच्या जागी दुसरी उभी करणे ही दुरुस्ती नव्हे. त्यामुळे मूलभूत चौकट बदलता येणार नाही. मात्र या चौकटीत मालमत्तेचा हक्क येत नाही, असेही त्यांनी म्हटले. पहिल्या सहा जणांचा निष्कर्ष आणि खन्नांचा निष्कर्ष मिळून 7 विरुद्ध 6 हे बहुमत होते.

तिसऱ्या प्रश्नावर 31-ग चे दोन तुकडे झाले. अनुच्छेद 39 (ख) व (ग) मधली धोरणे अमलात आणणारा कायदा 14, 19 किंवा 31 च्या भंगामुळे रद्द होणार नाही, हा पहिला भाग टिकला. असा कायदा त्या धोरणासाठीच आहे असे नुसते जाहीर केले की न्यायालयात प्रश्न विचारता येणार नाही, हा दुसरा भाग रद्द झाला. येथेही खन्नांच्या मताने पारडे फिरले: पहिल्या भागासाठी ते दुसऱ्या गटाबरोबर होते, दुसऱ्या भागासाठी पहिल्या गटाबरोबर.

29 वी दुरुस्ती वैध ठरली. शेवटच्या बहुमताच्या निवेदनावर तेरापैकी नऊ जणांनी सह्या केल्या. रे, मॅथ्यू, बेग आणि द्विवेदी यांच्या सह्या नाहीत.

जोडताना जिथे सांधा बसत नव्हता

सर्वांत मोठी अडचण इथे आली. ओंकारच्या पानावर 'सहा जणांनी इम्प्लाइड लिमिटेशन मान्य केलं' असं आहे, रेश्माच्या पानावर 'सात जणांनी'. मी दोन्ही आकडे खन्नांच्या निष्कर्षाशी ताडून पाहिले. सहा बरोबर आहेत. रेश्मा, तू पुढे खन्नांचा युक्तिवाद इतका नीट मांडलायस की सात का नाहीत ते तुझ्याच पानावरून सिद्ध होतं. फक्त वरची ओळ बदल. उद्या यावर कुणीतरी बोट ठेवणारच, कारण 'सात जणांनी बेसिक स्ट्रक्चर मान्य केलं' आणि 'सात जणांनी अध्याहृत मर्यादा मान्य केल्या' ही दोन वाक्यं सारखी वाटतात आणि तशी नाहीत.

तेजसने अल्पमताविषयी लिहिलं होतं, 'संसद काहीही करू शकते'. ते मी काढलं. त्यांचं म्हणणं अधिकार कुणाकडे आहे याबद्दल आहे, संसदेने काय करावं याबद्दल नाही. त्यांची हरकत त्यांच्याच शब्दांच्या जवळ जाऊन मांडली तर समोरच्याला ती खोडायला कष्ट पडतील, आणि आपल्या सेमिनारचा तेवढा तरी मान राखायला हवा.

मालमत्तेबद्दलचं खन्नांचं वाक्य वाचून मूलभूत हक्क चौकटीत येतच नाहीत असा समज होऊ शकतो. त्यांनी स्वतः 1975 च्या इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण खटल्यात तो खोडून काढला. हे नेमलेल्या वाचनाबाहेरचं आहे, म्हणून सारांशात घेतलं नाही. विचारलं तर रेश्माने सांगायचं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर यांना डावलून रे यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक जाहीर झाली आणि त्या तिघांनी राजीनामे दिले. ओंकार, तू हे पहिल्या परिच्छेदात घातलं होतंस. मी काढलं, कारण वाचणारा लगेच हेतूंकडे वळतो आणि युक्तिवाद मागे राहतो. तुझं मत वेगळं असेल तर आज दुपारी फोन कर, बोलून ठरवू.

संध्याकाळी सातपर्यंत प्रत्येकाने दुसऱ्या एकाचा भाग सारांशाशी ताडून बघायचा: ओंकारने तेजसचा, तेजसने रेश्माचा, रेश्माने माझा, मी ओंकारचा. फरक दिसला तर पॅरा नंबरसकट शेरा टाका. आठ वाजता मी फाईल बंद करून चार प्रती काढते. उद्या पहिली पाच मिनिटं पार्श्वभूमी मी बोलेन, दुसरा प्रश्न ओंकार आणि रेश्मा मिळून, अल्पमत तेजस, आणि 31-ग पुन्हा रेश्मा.

सायली