चार किलोचा मसाला

गुढीपाडवा झाला की सांगलीच्या गावभागात गच्च्या भरायला लागतात. एका गच्चीवर सांडगे, दुसरीवर बटाट्याचा कीस, तिसरीवर नुसत्या मिरच्या, आणि खालून जाणारा प्रत्येक माणूस शिंकत जातो. ऋतुजाला हे सगळं नवीन होतं. ती चिपळूणची, तिच्या माहेरी उन्हाळा म्हणजे आंबोशी, कोकम आणि फणसाची साठं. कांदा-लसूण मसाला तिनं आयुष्यात पाकिटातला बघितलेला, तोही मैत्रिणीच्या घरी.

लग्न डिसेंबरात झालं. अजित दिवसभर साखर कारखान्यावर, सासरे एसटीतून रिटायर होऊन पेपर आणि कट्टा यात मग्न. ऋतुजा मिरजेला पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सकाळी आठची शिफ्ट, चारला घरी. चार ते रात्रीपर्यंत ती आणि शालनताई एका स्वयंपाकघरात. भांडण असं काही नव्हतंच हो, भांडण झालं असतं तर बरं, निदान आवाज तरी झाला असता. दोघी एकमेकींना "चहा ठेवू?" आणि "ठेव" एवढंच बोलायच्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सासरे गणपती पेठेतून मिरची घेऊन आले. चार किलो. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी आणि लवंगी. गाठोडं सोडलं आणि शालनताईंनी फर्मान काढलं, "रविवारी देठं काढायची. आणि ह्या वर्षी तू बसायचं माझ्यासंगं."

ऋतुजानं विचारलं, "आई, प्रमाण काय घेता तुम्ही? म्हणजे किलोला धने किती, खोबरं किती?"

"प्रमाण कसलं गं, अंदाजानं घालतो मी. एवढी वर्षं घालतो."

आता लॅबमध्ये मायक्रोलिटरनं मोजणाऱ्या पोरीला अंदाज म्हणजे काय ते कसं कळणार! तिनं ऑनलाइन छोटा डिजिटल काटा मागवला, तळहाताएवढा. धने-खोबरं दुकानातूनच मोजून आलेलं, ते सोपं. पण जिरं, मिरे, लवंग, दगडफूल, नाकेश्वर हे सगळं शालनताई मुठीनं काढायच्या. मग त्यांनी मूठ भरून ताटलीत टाकली की ही ती ताटली काट्यावर ठेवायची आणि मोबाईलमध्ये लिहायची. जिरं पहिली मूठ 38, दुसरी 39, तिसरी परत 38. ऋतुजा त्या आकड्यांकडं बघतच राहिली. लॅबमध्ये नवीन पोरांच्या हाताला एवढी सफाई यायला वर्ष जातं.

पण हे तिनं बोलून कुठं दाखवलं? ती गप्प लिहीत बसली. आणि शालनताईंना दिसत होतं ते एवढंच, की सून आपल्यामागं काटा घेऊन फिरतेय.

"मोजून काय बघालीयस? मी काय चोरून खाल्लं व्हय जिरं?"

"नाही हो आई, तसं नाही..."

"मग कसं?"

ऋतुजाला सांगता आलं नाही. काटा कपाटात गेला. त्या रात्री अजितनं विचारलं काय झालं, दोघींनीही वेगवेगळ्या खोलीतून "कुठं काय" म्हणून सांगितलं. बिचाऱ्याचा विश्वास बसला. (पुरुषांचा बसतो.)

मिरच्या गच्चीवर कडकडीत होईपर्यंत कुरडयांचं काम मधे आलं. गहू भिजत घातले, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा. आणि इथं ऋतुजाला दुसरा त्रास सुरू झाला. शालनताई रोज पातेल्यावरचं झाकण काढायच्या आणि हिला हाक मारायच्या.

"वास बघ कसा येतोय."

"येतोय आंबट."

"आंबट म्हंजे? चांगला आंबट का वाईट आंबट?"

आता यात चांगलं वाईट काय असतं! ऋतुजाला वाटायचं, तोंडी परीक्षा चाललीय. उत्तर बाईंना माहीत आहे, फक्त आपल्याला किती कळतं ते बघतायत, नापास झालो की जावांना फोन. दूध तापवताना तेच, भाजी फोडणीला टाकताना तेच. "कांदा झाला का बघ गं." अहो तुम्ही स्वतः कढईपुढं उभ्या आहात की! असं मनात यायचं, आणि ती नाक पुढं करून "झाला" म्हणायची.

चीक शिजवायला मात्र दोघी लागतातच, तिथं रुसून भागत नाही. उकळत्या पाण्यात एकीनं चीक धार धरून सोडायचा आणि दुसरीनं हाटायचा, क्षणभर थांबलं की गाठी. ऋतुजानं हाटलं. दंड भरून आले, कपाळावरचा घाम डोळ्यात, पण सोडलं नाही. चीक चकचकीत झाला, पळीला चिकटेना, तेव्हा शालनताईंनी गॅस बंद केला आणि पहिल्यांदा काहीतरी जास्तीचं बोलल्या, "हाताला जोर हाय तुझ्या." वाटीत गरम चीक, वर दूध-साखर घालून तिच्या हातात दिली. सोऱ्या घेऊन गच्चीवर जायच्या आधी दोघींनी ओट्याला टेकून उभ्या उभ्याच खाल्ला.

दुसऱ्या रविवारी सकाळी ऋतुजा केस पुसत जिन्यावरून खाली येत होती तेव्हा जिन्यातच तिला करपल्याचा वास आला. चांगलाच. स्वयंपाकघरात धावली तर दूध आटून पातेल्याला काळं लागलेलं, धूर निघतोय, आणि शालनताई गॅसकडं पाठ करून चार फुटांवर शांतपणे तांदूळ निवडत बसलेल्या. हिनं गॅस बंद केला तेव्हा त्या दचकल्या.

"लक्षच न्हवतं बघ माझं," म्हणाल्या आणि पातेलं घाईघाईनं मोरीत नेलं.

असेल, कुणाचंही होतं. पण त्याच दुपारी मसाल्याचं सामान काढताना त्या हिंग शोधायला लागल्या. "हितंच ठेवला होता की गं डबी." आणि डबी त्यांच्या कोपराशेजारी, तेलाच्या डब्यामागं, झाकण उघडं! खोलीभर हिंग घमघमतोय, बाहेर सोप्यात बसलेले सासरेसुद्धा "काय हिंग सांडला काय" म्हणून ओरडले. शालनताई मात्र वरच्या फळीवर शोधत होत्या.

ऋतुजा काही बोलली नाही. डबी उचलली, झाकण लावलं, हातात दिली. पण डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. चांगला आंबट का वाईट आंबट. कांदा झाला का बघ. परीक्षा नव्हतीच ती. बाईंना खरंच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मसाला भाजायला घेतला. मोठी लोखंडी कढई, थोडं थोडं तेल, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, कारण धन्याला लागतो तेवढा वेळ खसखशीला दिला तर तिचा कोळसा होतो. शालनताईंच्या हातात उलथनं. त्यांनी विचारायच्या आधीच ऋतुजा बोलायला लागली, सहज, जशी एखादी बाई काम करताना बडबडते तशी.

"धन्याचा अजून कच्चट वास आहे आई... आता सुटतोय... हां, आता खमंग आलाय, बास."

उलथनं थांबलं. शालनताईंनी तिच्याकडं बघितलं नाही, फक्त कढई उतरवली. मग जिरं. मग मिरे. मेथीला ऋतुजा घाईनं म्हणाली, "काढा काढा, कडू व्हायला लागलीय." दगडफुलाला म्हणाली, "याचा मला कळत नाही, याचा चांगला वास कसा असतो तुम्ही सांगा."

"पाऊस पडून गेल्यावर जुन्या भिंतीला येतो बघ," शालनताई म्हणाल्या, "तो जरा तापला की समज झालं."

सगळं भाजून ताटांत पसरलं. कांदा उभा चिरून दोन दिवस वाळवून ठेवलेला, तो तळायचा राहिला होता. मधे चहा झाला. लसूण सोलायला बसल्या दोघी समोरासमोर.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. हिंगाच्या डबीनं."

शालनताई हसल्या नाहीत. दोन-तीन पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाल्या, "एकवीस सालच्या कोरोनात गेला वास. लोकांचा महिन्या-दोन महिन्यानं परत आला, माझा न्हाई आला. तिखट कळतंय, खारट, आंबट, गोड कळतंय. बाकी सगळं कागद चावल्यावानी."

"आणि कुणालाच सांगितलं नाहीत? बाबांना पण नाही?"

"काय सांगू? गल्लीतल्या धा बायका मसाला झाला की माझ्याकडं वास बघायला आणत्यात. अन् तू आल्यावर तर... म्हटलं, कळलं तर म्हणतील आता सून आलीय, तुम्ही बसा निवांत. बसून काय करू मी?"

ऋतुजानं उठून मोबाईल आणला. "हे बघा. तुमची जिऱ्याची मूठ. 38, 39, 38. मिऱ्याची पण बघा. मी तुमच्यावर नजर नव्हते ठेवत हो, मला विश्वासच बसत नव्हता. आमच्या लॅबमधल्या पोरांना दाखवणार होते."

शालनताईंनी चष्मा वर ढकलून आकडे वाचले. परत वाचले. "मिऱ्याला एक बारका फरक हाय की," म्हणाल्या.

"दोन ग्रॅमचा."

"ते तू मधेच बोललीस म्हणून."

पुढच्या आठवड्यात ऋतुजा त्यांना मिरजेला कानाच्या-नाकाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. घरी सांगितलं, डोळे दाखवायला चाललोय. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले एवढ्या वर्षांनी येईलच असं सांगता येत नाही, पण रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी एकेक करून हुंगा, लक्ष देऊन, काही महिने. शालनताईंना हा उपचार फारसा पटला नाही, औषध नाही इंजेक्शन नाही हे कसलं डॉक्टर, फी मात्र पुरी. तरी चार बाटल्या देवघराशेजारच्या फळीवर आल्या, आणि पूजा झाली की त्या तिथंच उभं राहून हुंगायच्या. सासऱ्यांना वाटलं काहीतरी योगाचं आहे.

डंकावर जायचा दिवस आला तेव्हा पहाटे पाचलाच नंबर लावायला गेल्या, कारण मेच्या सुरवातीला तिथं जत्रा असते. मिरची आधी कुटून होते, मग मसाला, आणि शेवटी लसूण, कांदा, आलं, खडा मीठ, तेव्हा त्या लाल भुग्याला ओलसर लालबुंद रंग चढतो आणि रांगेतल्या सगळ्यांचे नाक-डोळे वाहायला लागतात. ऋतुजानं ओढणी तोंडाला गुंडाळली होती. शालनताई नाक न झाकता आरामात मशीनशेजारी उभ्या, आणि बायका आपापसात म्हणत होत्या, बघा की, सवय लागते.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू आपला डबा घेऊन आल्या. "शालनताई, जरा बघा की आमचा, काय कमी पडलंय काय."

शालनताईंनी चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. "मीठ बरोबर हाय." मग चिमूट ऋतुजापुढं धरली. "तू बघ गं. तुझं नाक तरणं हाय."

ऋतुजानं ओढणी खाली केली, वास घेतला, डोळे मिटून परत घेतला. "खोबरं जास्त भाजलंय काकू. करपट येतोय. दोन महिन्यात खवट होईल बघा."

काकूंचा चेहरा उतरला. डब्याचं झाकण धाडकन लावून त्या रांगेत मागं जाऊन उभ्या राहिल्या, आणि नंतर नजरसुद्धा दिली नाही.

रिक्षात डबे मांडीवर घेऊन बसल्यावर शालनताई तिच्यावर घसरल्या. "असं तोंडावर सांगत्यात व्हय गं? जरा गोड बोलायचं असतंय. म्हणायचं, झाक झालाय काकू, फक्त लवकर वापरून संपवा."

"पण करपट होता ना!"

"व्हता की. मला तिच्या खोबऱ्याच्या रंगावरनंच कळलं."

"मग मला कशाला विचारलंत?"

"बघितलं, तुला येतंय का," शालनताई म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला गणपती पेठेकडनं घ्यायला सांगितलं, लोणच्याच्या कैऱ्या आल्यात का बघायला.