खो-खो सराव: खो देणं आणि चौकातून उठणं

इयत्ता 6वी-7वी, 24 मुलं-मुली, सकाळी 7 ते 8. साहित्य: फक्की, शिट्टी, खांबांऐवजी सहा बांबू. मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून घ्या. सकाळी खडे वेचा, मुलांनाही वेचायला लावा. आठ-आठचे तीन गट करा. प्रत्येक गटासाठी दोन खांब आणि मधे चार चौक. चौकांमधलं अंतर दोन मोठी पावलं.

वॉर्म-अप (12 मिनिटं). मैदानाला हलक्या धावेत दोन फेऱ्या. मग गुडघे उचलून, टाचा मागे मारत, आडव्या पावलांनी. घोटे आणि मांड्या सैल करा. शेवटी जोडीनं हुलकावणीची शिवाशिवी. ताणून धरायचे व्यायाम इथे नकोत, ते शेवटी.

बैठक (7 मिनिटं). एक पाय पुढे, मागची टाच उचललेली, दोन्ही हात जमिनीवर. शेजारच्यांची तोंडं उलट दिशांना. शिट्टी झाली की उठून तीन पावलं. बहुतेक मुलं आधी सरळ उभी राहतात आणि मग पळतात. पहिलं पाऊल वाकूनच पडायला हवं.

खो (18 मिनिटं). आजचा खरा सराव हाच. चौघं बसलेले, एक आक्रमक, तिघं निरीक्षक. पळणारा कुणी नाही. आक्रमकानं पाठीमागून येऊन हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं. लांबून ओरडून मग हात लावला, तर फाऊल. खो मिळण्याआधी चौक सोडला, तर फाऊल. खो देणाऱ्यानं लगेच त्या रिकाम्या चौकात बसायचं. आपला खो बघत उभं राहणारे दरवर्षी असतात. निरीक्षकांनी हात वर करून फाऊल दाखवायचा, म्हणजे त्यांचंही लक्ष राहतं. सहा मिनिटांनी अदलाबदल. सावकाश सुरू करा, वेग शेवटच्या फेरीत.

उठलेल्यानं एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत मागे वळायचं नाही आणि मध्यपाटी ओलांडायची नाही. हे तोंडी समजावत बसू नका, एका मुलाला चालवून दाखवा.

पाणी, 2 मिनिटं.

छोटा खेळ (15 मिनिटं). पाच आक्रमक, तीन संरक्षक. डाव 2 मिनिटांचा. गडी बाद केला की 1 गुण. फाऊल न होता सलग तीन खो दिले, तर आणखी 1. हा गुण नियमात नाही, आपल्या सरावापुरता. त्यामुळे जोरात पळणाऱ्या एकट्यावर गट विसंबत नाही. फाऊल झाल्यास आक्रमकाला उलट दिशेला पाठवा. दर डावाला संरक्षक बदला, मुलींना आक्रमकाची सुरुवात मिळते का ते पाहा. सूर मारणं आज बंद. कोरड्या मैदानावर कोपर सोलतात.

कूल-डाऊन (6 मिनिटं). एक फेरी चालत. पोटऱ्या, मांड्या आणि कंबर प्रत्येकी 20 सेकंद, झटके न देता ताणा. तेवढ्यात गुडघे-कोपर तपासा. खरचटलं असेल तर पाण्यानं धुऊन मगच वर्गात पाठवा. बांबू आणि शिट्टी खोलीत जमा करा.