कप्पी

3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागवर आलं, आणि आक्षीतली आमची वाडी दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी झाली. बाराव्या दिवशी रेंज मिळाल्यावर मी पुतण्याला, दिनेशला, ई-मेल लिहिला. सदतीस पोफळी गेल्या. विहिरीजवळचा माड गेला, तो तुझ्या आजोबांनी लावलेला. आंबा उभा आहे, पण निम्मा. वीज नाही, पंप बंद, मी आणि गंगूबाई दोराने पाणी ओढतोय. वाडी ठेवायची की विकायची, ते एकदा सांग.

त्याच्या पत्त्याच्या शेवटी एक आकडा आहे, तो माझ्याकडून राहिला.

चार दिवसांनी उत्तर आलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. जरा जुनं, माझी आजी बोलायची तसं.

“ताई, मी तुमचा दिनेश नाही. मी डॅनियल नागावकर, दिमोना, इस्रायल. पत्र माझं नव्हतं तरी शेवटपर्यंत वाचलं, माफी असावी. सदतीस पोफळी वाचून रात्री झोप लागली नाही. तुमची विहीर कुठली? आम्ही नागावचे. 1963 साली मी नऊ वर्षांचा असताना इकडे आलो.”

आम्हीही नागावकर. आजोबा नागाव सोडून शेजारच्या आक्षीत आले, एवढाच फरक. आजी ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणायची, ती बेने इस्रायली माणसं, कोकणातले ज्यू. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी मात्र बैल सोडून दिलेले. त्यांच्या तेलाशिवाय दिवाळीची चकली होत नसे, असं ती सांगायची. मग एकेक घर बंद होत गेलं. त्या घरातलं माणूस जिवंत आहे आणि त्याला आपल्या पोफळींचं वाईट वाटतंय, हे वाचून मी बराच वेळ पायरीवर बसून राहिले. दिनेशला पुन्हा लिहायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी त्यांचा मेल येऊ लागला, सूर्यास्ताच्या आत. मग रविवारपर्यंत शांत. त्यांच्याकडे वाळवंट, पाऊस नावाला. त्यांना आमच्या पावसाचं सगळं हवं असायचं. पागोळ्या अजून कौलांवरूनच पडतात की पत्रे घातले? कडवे वाल लावले का? बिरड्याची आमटी ते अजून करतात, पण वालाला मोड आणायला तिथं चार दिवस लागतात, थंडीत सहा. मी त्यांना सोलाचं प्रमाण सांगितलं. त्यांनी मला मलिद्याचं सांगितलं, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. खंडाळ्यातल्या खडकावर त्यांच्या प्रेषिताच्या, एलियाहू हनाबीच्या, रथाची खूण आहे असं ते मानतात, तिथं त्यांची आई नवस फेडायला गेली होती. खंडाळा म्हणजे आमच्या अलिबागजवळचा, घाटातला नव्हे. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जाते, कधी थांबले नव्हते.

एका शुक्रवारी त्यांनी संकोचून विचारलं, “ताई, पाणी ओढताना कप्पीचा आवाज येतो का? फोनमध्ये घेता येईल?”

मी फोन विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला. गंगूबाईने तीन घागरी ओढल्या. आवाज म्हणजे नुसतं करकरणं, मधे घागर आपटल्याचा टणत्कार, आणि एक कावळा. पाठवून दिला.

त्यांची बहीण रिबेका ऐंशीची, वृद्धाश्रमात होती. कोविडमुळे भेट बंद, फक्त फोन. ती आता कुणाला ओळखत नव्हती. हिब्रूही विसरली होती. त्यांनी तो आवाज तिला फोनवरून ऐकवला. बराच वेळ काही नाही. मग ती म्हणाली, “सावकाश ओढ रे, हात सोलवटेल.”

“हे ती मलाच म्हणायची,” डॅनियलभाऊंनी लिहिलं होतं. “लहानपणी.” त्या दिवशी मेल एवढाच.

जुलैत वीज आली. दिनेशही आला, स्वतःहून. वाडी बघून गप्प झाला आणि म्हणाला, काकू, एवढ्यात विकू नका. त्याने पोफळीची साठ रोपं आणली. मी डॅनियलभाऊंना लावणीचे फोटो पाठवले. रोपांना फळ धरायला सहा-सात वर्षं जातील, हेही लिहिलं. उत्तर आलं, “मी सहासष्टचा आहे. थांबतो.”

पंप सुरू झाला तरी त्या आवाजासाठी मी शुक्रवारी एक घागर दोराने ओढते. परवा गंगूबाईचा नवरा तेलाची बाटली घेऊन आला. कप्पी फार करकरते, म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि घडलेलं भाऊंना कळवलं. घाण्यावर वाढलेल्या माणसाला हसू येईल, असं वाटलं होतं. शुक्रवारी उत्तर आलं, एकच ओळ.

“ताई, कप्पीला तेल घालू नका.”