तुझं फॉर्म्युलेशन आणि 12 सेशनचा प्लॅन

दोन भेटीत तुझ्या पॅनिक अटॅकबद्दल जे बोललो, ते कसे सुरू झाले आणि का थांबत नाहीत, तेच फॉर्म्युलेशन म्हणून लिहून देतेय. नीट वाच, जिथे पटत नाही तिथे पेनाने खूण करून आण.

सुरुवात झाली त्या डोंबिवली-दादर फास्टमध्ये. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी उपाशीपोटी नुसती कॉफी, लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि कुर्ल्याच्या पुढे गाडी थांबली. छातीत धडधडायला लागलं, ते कुणालाही झालं असतं, पण तुझ्या डोक्यात लगेच आलं "हार्ट अटॅक", कारण मामा असेच अचानक गेले. गाठ इथे आहे. अटॅक वाटला म्हणून भीती, भीतीने अॅड्रेनलिन, मग श्वास जोरजोरात, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि तू म्हणतेस बघ, खरंच काहीतरी झालंय. हे चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं.

आता तुझी दाराजवळची जागा, पाण्याची बाटली, घड्याळात सारखी पल्स बघणं, आईला फोन. प्रत्येक वेळी वाटतं यांच्यामुळे वाचले, त्यामुळे काहीच होणार नव्हतं हे कळायला चान्सच मिळत नाही गं. आणि चक्कर येऊन पडायची भीती, तर बेशुद्ध पडताना बीपी खाली येतं, पॅनिकमध्ये सहसा ते वर जातं.

सेशन 3 मध्ये हे चक्र तुझ्या डायरीतल्या अटॅकवर बसवून बघू.

4 ते 7 मुख्य काम, शरीरातली तीच लक्षणं मुद्दाम आणायची. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल आहे, दमा, फिट्स, प्रेग्नन्सी नाही, डॉक्टरांनी हो म्हटलंय म्हणूनच करतोय. जागेवर धावणं 1 मिनिट, खुर्चीत गरगर फिरणं 1 मिनिट, नाक दाबून बारीक स्ट्रॉतून श्वास 2 मिनिटं, शेवटी भराभर खोल श्वास 1 मिनिट. आधी लिहायचं काय होईल आणि किती टक्के खात्री, मग करायचं, भीती 0 ते 10 मध्ये सांगायची, मग खरं काय झालं ते लिहायचं. मध्येच श्वास शांत करायचा नाही, पल्स बघायची नाही. परवा ट्रायलला 35 सेकंदाला तू स्ट्रॉ टाकलीस आणि हात सरळ बाटलीकडे गेला, आठवतंय? "बेशुद्ध पडेन, 80 टक्के" लिहिलं होतंस. पडली नाहीस. तोच व्यायाम पुन्हापुन्हा करायचा, खात्री 80 वरून उतरेपर्यंत. घरी रोज एक प्रकार, तीनदा.

सेशन 8 ते 10 लोकल. आधी दुपारची स्लो ठाण्यापर्यंत, मग फास्ट, मग सकाळची 8 ची गर्दी, डब्याच्या मध्ये उभं राहून, चढण्याआधी जिने पळत चढून. सेशन 8 ला मी सोबत येईन, नंतर तू एकटी.

11 आणि 12 मध्ये, पुन्हा अटॅक आला तर काय करायचं ते तुझ्या शब्दांत लिहून काढू.

मध्येच जीव नकोसा वाटला तर बुधवारची वाट बघू नकोस, लगेच फोन कर, मी उचलला नाही तर टेली-मानस हेल्पलाइनला, 14416.

बुधवारी येताना बाटली घरी ठेवून ये.