सुरेखा निंबा पाटील: क्लिनिकल इन्स्ट्रक्टर पदासाठी परिचयपत्र

राहणार अमळनेर, जि. जळगाव
नोंदणी: महाराष्ट्र परिचर्या परिषद, नर्स आणि मिडवाइफ, नूतनीकरण चालू
भाषा: मराठी, अहिराणी, हिंदी, इंग्रजी वाचन आणि नोंदींपुरते

अर्ज कशासाठी

परिचारिका म्हणून १३ वर्षे काम केले, बहुतेक काळ प्रसूती कक्ष आणि प्रसूतिपश्चात वॉर्डमध्ये. त्यातील शेवटची ७ वर्षे वॉर्डची जबाबदारी आणि विद्यार्थिनींचे प्रात्यक्षिक शिक्षण एकाच वेळी सांभाळले. माझ्या पदाच्या नावात 'शिक्षिका' हा शब्द कधीच नव्हता. ड्युटीच्या यादीत त्या कामाला 'देखरेख' म्हणत. प्रत्यक्षात मी कौशल्य करून दाखवत होते, करून घेत होते, तपासत होते आणि जमले नाही तर सही रोखत होते. पुढे हेच काम पूर्णवेळ करायचे आहे.

शिकवण्याचा आणि मूल्यमापनाचा अनुभव

इन्चार्ज सिस्टर, प्रसूती विभाग. जळगाव जिल्ह्यातील ट्रस्टचे १०० खाटांचे रुग्णालय, २०१९ ते आजपर्यंत

जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनी ४ ते ६ जणींच्या गटाने पोस्टिंगला येतात. आतापर्यंत ६२ विद्यार्थिनींच्या लॉगबुकवर कौशल्य तपासणीची माझी सही आहे. नुसत्या ओळखीच्या किंवा एखाद-दुसऱ्या दिवशी सोबत असलेल्या मुली या आकड्यात धरलेल्या नाहीत.

प्रत्येक कौशल्यासाठी चार पायऱ्या ठरवल्या: पाहिले, मदतीने केले, नजरेखाली केले, न सांगता बरोबर केले. चौथ्या पायरीसाठी तेच काम वेगवेगळ्या दिवशी दोनदा बिनचूक व्हावे लागते. पार्टोग्राफ भरणे, प्रसूतीनंतर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत देणे, बाळ रडले नाही तर बॅग आणि मास्कने श्वास देणे, पहिल्या तासात स्तनपान सुरू करून देणे, या सगळ्यांच्या तपासणी याद्या मी मराठीत लिहिल्या. वॉर्डमध्ये त्या आजही वापरात आहेत.

मॅग्नेशियम सल्फेटची यादी तर मी दोनदा लिहिली. २०२१ मध्ये रात्रपाळीला एका विद्यार्थिनीने पुढच्या डोसआधीच्या रकान्यात 'लघवी ठीक' असे लिहिले होते. मी खाटेशी वाकून पिशवी पाहिली, तर चार तासांत ६० मिलि, म्हणजे हव्या त्याच्या निम्मी. डोस थांबवला, डॉक्टरांना कळवले आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी काढून ठेवले. बाईला काही त्रास झाला नाही. पण चूक त्या मुलीइतकीच माझ्या यादीचीही होती, कारण त्यात 'ठीक' लिहायला जागा होती. आता तिथे तीन आकडे आणि एक खूण लागते: श्वास मिनिटाला किती (१६ पेक्षा कमी नको), लघवी तासाला किती मिलि (३० पेक्षा कमी नको), शेवटची नोंद किती वाजता, आणि गुडघ्याचा झटका आहे का. आकडा नसेल तर मी सही करत नाही. ती मुलगी पुढच्या आठवड्यात याच कौशल्यात चौथ्या पायरीवर पोचली. तिच्या दोन्ही वेळच्या नोंदी माझ्या वहीत आहेत.

नव्याने रुजू झालेल्या ११ स्टाफ नर्सचे सुरुवातीचे प्रशिक्षण आणि तीन महिन्यांनंतरची फेरतपासणीही केली. ओव्हर देताना प्रत्येकीकडून एका रुग्णाची माहिती तोंडी मांडून घेते. कोणाचा कुठे गोंधळ आहे हे त्या पाच मिनिटांत चाचणीपेक्षा लवकर कळते.

रुग्णाचे बोलणे ऐकून घेणे हे कौशल्य मी वेगळे तपासते. आमच्याकडची गर्भवती 'डोयासमोर अंधारी यी ऱ्हायनी' म्हणते, तेव्हा मुलींना तिथल्या तिथे रक्तदाब मोजायला लावते. बाहेरगावच्या विद्यार्थिनींसाठी अशा अहिराणी शब्दांची दोन पानी यादी केली आहे.

आधीचे काम

स्टाफ नर्स, प्रसूती कक्ष; याच रुग्णालयात, २०१४ ते २०१७. खाजगी रुग्णालय, धुळे, २०११ ते २०१४: सर्वसाधारण वॉर्ड, त्यानंतर प्रसूती कक्ष.

शिक्षण

पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, २०१९ (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक; पूर्णवेळ, २०१७ पासून). जीएनएम, २०११. नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण पूर्ण.

वर्गात सलग तास घेण्याचा अनुभव कमी आहे. वॉर्डमधील छोटे पाठ मात्र दर आठवड्याला घेते. ऑस्की परीक्षेत दोनदा स्टेशनवर निरीक्षक होते, प्रश्न मात्र दुसऱ्यांनी काढलेले होते.

सोबत जोडले आहे

तपासणी याद्यांचे नमुने, नावे झाकलेल्या लॉगबुक पानांच्या प्रती, ड्युटी वाटपाच्या नोंदी आणि अधिसेविकांचे अनुभवपत्र. मुलाखतीच्या वेळी एखाद्या विद्यार्थिनीसोबत बॅग आणि मास्कचा १५ मिनिटांचा पाठ घेऊन तिची तपासणी करून दाखवण्याची तयारी आहे; मॅनिकिन आणि घड्याळ एवढेच लागेल.

रुजू होण्यासाठी एक महिन्याची मुदत हवी.