तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधला श्वास

लिफ्ट बंद होती आणि नंदाच्या दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या होत्या. तिसरा मजला ओलांडताना मांड्या भरून आल्या. तोंड मिटलेलंच ठेवून तिने नाकाने खोल श्वास घेतला, साधारण लिटरभर. एवढ्या हवेत ऑक्सिजनचे रेणू किती? पाचावर एकवीस शून्यं. ही गोष्ट त्यातल्या एकाची. तो इतरांपेक्षा कोणत्याही बाबतीत वेगळा नव्हता.

रेणूला कुठे जायचं नसतं. नंदाचं श्वासपटल खाली सरकलं, बरगड्या वर उचलल्या गेल्या, छातीतली जागा वाढून आतला दाब किंचित उतरला आणि बाहेरची हवा आत धावली. आपला रेणू त्या लोंढ्यात होता. त्याच्याभोवती सगळी नायट्रोजनची गर्दी, शंभरात अठ्ठ्याहत्तर. ती सगळी जशी आत आली तशीच परत जाणार होती.

नाकपुडीतल्या केसांशी धूळ अडली. पुढची वाट सरळ नव्हती. आतल्या वळणदार हाडांवर ओलं, रक्ताने गरम झालेलं अस्तर होतं, आणि हवा त्यावर घासत, भोवरे घेत पुढे सरकली. घशापर्यंत जाईतो ती जवळपास अंगाइतकी गरम आणि वाफेने ओथंबलेली झाली. त्या वाफेलाही जागा लागते. समुद्रसपाटीच्या कोरड्या हवेत ऑक्सिजनचा वाटा पाऱ्याच्या 160 मिलिमीटर दाबाएवढा असतो; इथे तो 150 वर आला. हा आकडा लक्षात ठेवा. इथून पुढे तो फक्त उतरत जाणार आहे, आणि आपला रेणू त्या उतारावरच चालणार आहे.

स्वरयंत्राच्या फटीतून तो श्वासनलिकेत उतरला. नलिकेला दोन फाटे फुटले. उजवा जरा रुंद आणि जास्त उभा आहे, तो उजवीकडे गेला. मग पुन्हा फाटा, पुन्हा फाटा, सुमारे तेवीस वेळा. फुप्फुसाच्या टोकाला पहिली पोहोचते ती ताजी हवा नसते. मागच्या श्वासाची नळ्यांत अडकलेली शिळी हवा आधी आत ढकलली जाते, आणि ताज्या श्वासातला शेवटचा दीडेकशे मिलिलिटर भाग नळ्यांतच थांबून उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. आपला रेणू मधल्या भागात होता. याला नशीब म्हणावं, तर म्हणा.

टोकाशी वारा जवळजवळ थांबला. इतक्या फाट्यांमध्ये वाटला गेल्यावर प्रवाहाला वेगच उरत नाही. उरलेलं अंतर रेणूने एकट्याने कापलं, आपटत, मागे फिरत, पुन्हा पुढे येत. तो एका वायुकोशात शिरला. रुंदी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. असे कोट्यवधी कोश तिच्या छातीत होते. आत आधीची हवा होतीच, कारण उच्छ्वासात फुप्फुसं कधी रिकामी होत नाहीत. त्या मिसळीत ऑक्सिजनचा दाब शंभराच्या आसपास होता.

भिंतीपलीकडे रक्त होतं. कष्ट करणाऱ्या पायांतून परत आलेलं, म्हणून त्यातला दाब चाळिसाच्याही खाली. शंभर इकडे, चाळिसाहून कमी तिकडे. ऑक्सिजन रक्तात खेचला जातो असं आपल्याला वाटतं, पण खेचणारं इथे कोणी नाही, एकही पंप नाही. रेणू दोन्ही बाजूंना सारखेच धडकत असतात. इकडे जास्त आहेत म्हणून तिकडे जास्त जातात, एवढंच. आपला रेणू कोशाच्या ओल्या थरात विरघळला, कोशाची भिंत, तिच्याखालचा पातळ पापुद्रा आणि केशवाहिनीची भिंत ओलांडून रक्तद्रवात आला. हे सगळं मिळून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. स्वस्थ बसलेल्या माणसाची तांबडी पेशी इथे पाऊण सेकंद असते. नंदाचं हृदय धडधडत होतं, तिच्या पेशीला त्याहून कमी वेळ होता. तरी पुरला.

पेशीत हिमोग्लोबिन खच्चून भरलं होतं. एका रेणूवर लोहाच्या चार जागा. आपल्याला मिळालेल्यावर तीन आधीच भरल्या होत्या, आणि म्हणूनच चौथी पटकन मिळाली: प्रत्येक नवा ऑक्सिजन बसला की अख्खं प्रथिन जरा वळतं आणि पुढच्याला बसणं सोपं होतं. लोखंड आणि ऑक्सिजन भेटले की गंज चढायचा. पण इथलं लोह प्रथिनाच्या खोबणीत असं बसवलेलं आहे की ते ऑक्सिजन धरतं आणि वेळ आली की सोडून देतं. मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

पुढचे काही सेकंद हृदयाचे. फुप्फुसशिरेतून डाव्या अलिंदात, तिथून निलयात, एका ठोक्यासरशी महारोहिणीत, आणि खाली मांडीकडे. काम करणाऱ्या स्नायूच्या लहान रोहिण्या सैल सुटल्या होत्या; बसल्या जागी जे रक्त दुसरीकडे जातं, ते आत्ता इकडे वळलं होतं. शेवटची केशवाहिनी इतकी अरुंद की पेशीला अंग दुमडून जावं लागलं.

बाहेर स्नायू तापला होता. कार्बन डायऑक्साइड साचत होता, आम्लता वाढली होती. या तिन्हींनी हिमोग्लोबिनची पकड ढिली होते. म्हणजे जिथे काम जास्त तिथेच माल जास्त उतरतो, कोणी हुकूम न सोडता. आपला रेणू सुटला, स्नायूच्या तंतूत शिरला. तिथे मायोग्लोबिनने, म्हणजे स्नायूतल्या ऑक्सिजन धरणाऱ्या प्रथिनाने, त्याला क्षणभर धरलं, सोडलं, दुसऱ्याने धरलं. दाब आता जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. उताराचा तळ आला.

तळाशी तंतुकणिका होती, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती. तिच्या घड्या पडलेल्या आतल्या पटलात सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचं एक यंत्र रुतलेलं असतं. तिथे एका बाजूला लोह, दुसऱ्या बाजूला तांबं, आणि मध्ये एका रेणूपुरती जागा. सायनाइडने माणूस मरतो तो हीच जागा अडल्यामुळे. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण त्याला बसायला ठिकाण उरत नाही.

आपला रेणू बसला. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात, वाटेत आपली ऊर्जा देत इथवर आले होते. ही रांग पुढे सरकत राहायची तर शेवटी त्यांना कोणीतरी घ्यायला हवं. रेणूने चार इलेक्ट्रॉन घेतले. अर्धवट इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन पेशीला घातक असतो, म्हणून काम पुरं होईपर्यंत यंत्र त्याला सोडत नाही. मग दोन्ही अणू वेगळे झाले, चार प्रोटॉन जोडले गेले आणि पाण्याचे दोन रेणू तयार झाले. त्याच वेळी आणखी प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले गेले. ते परत आत येताना शेजारचं दुसरं यंत्र फिरवतात आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतं. स्नायूचे धागे एकमेकांना धरून ओढतात ते एटीपीवर, आणि एकमेकांना सोडतात तेही एटीपीवरच.

आपल्या रेणूची गोष्ट इथे तांत्रिकदृष्ट्या संपली, कारण तो रेणू उरलाच नाही. नंदाने चौथ्या मजल्याकडे वळताना जो कार्बन डायऑक्साइड सोडला, त्यात तो नव्हता. त्यातला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला होता. दोन नव्या पाण्यांपैकी एक स्नायूतच मिसळलं. दुसरं फिरत फिरत एका तांबड्या पेशीत गेलं, तिथल्या एका एन्झाइमने त्याला कार्बन डायऑक्साइडशी जोडून बायकार्बोनेट केलं. फुप्फुसात तेच एन्झाइम ही जोडणी उलटी करतं, आणि उलटताना तीन ऑक्सिजन अणूंपैकी कोणता पाण्याबरोबर राहील नि कोणते दोन वायूबरोबर जातील, याचा काही नेम नसतो.