संद्या, घरी जायच्या आधी ही गाण्यांची लिस्ट ऐक (रंकाळा, एक तास)

भावा, तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन साहेबांनीच दिली आणि बोअर ओव्हरसाईज गेले म्हणून ट्रेनी पोरांसमोर तुला झापलं, हे चूकच आहे, तुझा राग एकदम बरोबर आहे. तो गिळ असं मी म्हणणार नाही. फक्त तो घरी घेऊन जाऊ नको.

हे सांगतोय कारण मी नेलाय. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक लॉट ब्लो होलसाठी परत आला आणि सगळं माझ्या नावावर टाकलं, मी तिथं एक शब्द बोललो नाही आणि घरी येऊन आईवर ओरडलो, कशावरून तर भाकरी गार झाली म्हणून. ती काहीच बोलली नाही, ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं आणि आत जाऊन झोपली. त्या ताटाची आठवण अजून जात नाही लगा. त्यानंतर ही लिस्ट बनवायला घेतली, कमी जास्त करत करत आता बसलीय. आज तुझ्यासाठी परत नीट लावली.

आधी दोन गोष्टी. गाडी चालवताना ऐकायची नाही, म्हणजे नाही. हायवेवर तावात असताना कानात असलं काही असेल तर काय होतं ते तुलाही माहितीय. सरळ रंकाळ्यावर ये, संध्यामठाच्या बाजूला गाडी लाव, चावी खिशात टाक, पायऱ्यांवर बस आणि मग हेडफोन घाल. आवाज मोठा चालेल पण कान दुखेपर्यंत नको. शफल बंद कर, क्रम हाच पायजे, क्रमातच सगळं आहे. रागात असताना पहिल्यांदाच शांत गाणं लावलं की अजून डोकं फिरतं, कुणीतरी शांत हो शांत हो म्हटल्यासारखं वाटतं. म्युझिक थेरपीत याला आयसो प्रिन्सिपल म्हणतात, १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या आयरा आल्टशूलर नावाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरनं हे मांडलं, की माणूस ज्या मूडमध्ये आहे तिथल्याच गाण्यानं सुरू करायचं आणि मग हळूहळू त्याला हवं तिकडं न्यायचं.

१. सड्डा हक, रॉकस्टार, २०११. मोहित चौहान, संगीत रहमान. इथून सुरुवात. मोठ्यानं म्हण, तिकडं रात्री कोण नसतं आणि असलं तरी कोण विचारत नाही. मांडीवर ठेका धर, टॉवेल असेल तर पिळ, पण भिंतीवर, गाडीवर हात मारायचा नाही.

२. नम्ब, लिंकिन पार्क, मेटिओरा अल्बम, २००३. हॉस्टेलला आपण हे किती वाजवलंय. तेव्हा नुसता आवाज आवडायचा, आता कळतं की ते गाणं दुसऱ्याच्या अपेक्षा ओढून ओढून दमलेल्या माणसाचं आहे. चेस्टर जिथं ओरडतो तिथं तू पण ओरड.

इथं एक महत्त्वाचं आहे, हे नीट वाच. ओरडताना साहेबाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा नाही. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन नावाच्या संशोधकाचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात चिडलेल्या लोकांना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले होते, आणि ज्यांनी आपल्याला चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत मारले त्यांचा राग उतरायच्या ऐवजी वाढलेला निघाला, काहीच न करता गप बसलेल्यांचा त्यांच्यापेक्षा कमी होता. म्हणजे मनातल्या मनात त्याला बडवत बसलास तर ही लिस्ट उलटी लागू होईल. लक्ष ड्रमकडं, गिटारकडं, आपल्या श्वासाकडं ठेव. चेहरा आला तर येऊंदे, परत ड्रम पकड. पहिली दोन गाणी संपली की दोन्ही रिपीट करायची नाहीत, कितीपण वाटलं तरी. मी एकदा सड्डा हक पाच वेळा लावलं आणि घरी गेलो तो तसाच तापलेला गेलो.

३. लल्लाटी भंडार, जोगवा, २००९, अजय-अतुल. माझ्या मते ह्या लिस्टचा मधला खिळा हे गाणं आहे, हे काढलं तर बाकी सगळं ढिलं पडतं. पहिल्या दोन गाण्यांतला राग डोक्यात असतो, ह्यात तो पायात उतरतो. आपल्याकडं सौंदत्तीला जाणारी माणसं, जोगते, चौंडकं, कपाळावर भंडारा, हे लहानपणापासून बघितलंय ना आपण, त्यामुळं हे गाणं आपल्याला समजवायला लागत नाही, अंग आपोआप हलतं. आवाज वरच्या दोघांइतकाच मोठा आहे पण ह्यात कुणाविरुद्ध काही नाही, नुसतं देवीपुढं अंगातलं सगळं टाकून द्यायचं आहे. उठून उभा राहा आणि चाल. तळ्याच्या कडेनं ताला-तालात, खासबागेत हलगीवर पैलवान चालतो तसं.

४. वेडात मराठे वीर दौडले सात. कुसुमाग्रजांची कविता, चाल हृदयनाथांची, आवाज लतादीदींचा. हे घ्यावं का नको यावर मी खूप दिवस विचार केला. आपण शाळेतून नेसरीला गेलेलो आठवतंय का, प्रतापराव गुजरांचं स्मारक? बहलोलखानाला सोडून दिलं म्हणून महाराजांचे शब्द लागले आणि माणूस सहा जणांना घेऊन पूर्ण फौजेवर चालून गेला, १६७४ च्या फेब्रुवारीत. बोललेलं मनाला लागणं म्हणजे काय हे त्या गाण्यात जेवढं आहे तेवढं मला कुठं सापडलं नाही. ऐकताना तुला तुझंच लागलेलं ऐकू येईल. पण दीदींचा आवाज चिडलेला नाहीये बघ, त्यात दुःख आहे, मान आहे. राग आणि दुःख किती जवळ राहतात ते ह्या गाण्यात कळतं, आणि एकदा दुःख हाताला लागलं की राग तेवढा कडक राहत नाही. ह्या गाण्याला बस. चालायचं थांबव.

(झिंगाट का नाही म्हणशील. सगळे हेच विचारतात. गाणं भारीच आहे पण ते वरातीचं आहे, त्याला मन आधीच खूश लागतं. चिडलेल्या माणसाला ते बाहेरून चिकटवल्यासारखं होतं, मी ठेवून बघितलं, काढलं.)

५. खेळ मांडला, नटरंग, २०१०. गुरू ठाकूरचे शब्द, अजय-अतुलचं संगीत, अजयचाच आवाज. कागलचा गुणा आपल्याच मातीतला, आणि त्याचं तर सगळंच गेलेलं असतं. इथं रडू आलं तर येऊंदे. मला येतं, दर वेळी नाही पण येतं. कोण बघत नाही, आणि बघितलं तर बघूंदे. बाटलीभर पाणी जवळ ठेव, संपल्यावर तोंड धू, पाणी पी. लगेच पुढचं लावू नको, दोन मिनिटं तळ्याकडं बघत बस.

६. मन उधाण वाऱ्याचे, अगं बाई अरेच्चा, २००४, शंकर महादेवन. आवाज आता थोडा कमी कर. हे फक्त खिडकी उघडायला आहे, जास्त विचार करू नको.

७. कुन फाया कुन. हे पण रॉकस्टारमधलंच, रहमान, जावेद अली आणि मोहित चौहान. मुद्दाम घेतलंय. ज्या मोहितच्या आवाजात तू अर्ध्या तासापूर्वी हक मागत ओरडत होतास तोच आवाज इथं मान खाली घालून बसलाय. एकाच पिक्चरमधली ही दोन टोकं आहेत, आणि तुझ्यात पण दोन्ही आहेत एवढंच मला तुला दाखवायचं आहे. इथून पुढं गाऊ नको, नुसतं ऐक. श्वास घेतोस त्यापेक्षा सोडताना जरा लांब सोड.

८. कानडा राजा पंढरीचा. भीमसेनजी आणि वसंतराव देशपांडे, संगीत बाबूजींचं. बाबूजी आपल्या कोल्हापुरात जन्मलेले, १९१९ ला. दोन एवढे मोठे गवय्ये एका गाण्यात आहेत आणि कुणी कुणाला दाबत नाही, एक सोडतो, दुसरा उचलतो. आज दिवसभर तू लोकांना एकमेकांना दाबतानाच बघितलंस, म्हणून हे ऐक. आमच्या आईचं पण हे आवडतं आहे, हे लागलं की हातातलं काम तसंच ठेवून उभी राहते.

९. सांज ये गोकुळी, आशाताई, वजीर, १९९४. संगीत श्रीधर फडक्यांचं, बाबूजींच्या मुलाचं. बाप झाला की लगेच लेक, हे लावताना मला स्वतःलाच छान वाटलं. रंकाळ्यावर दिवे पाण्यात पडलेले असतात तेव्हा ह्या गाण्याला काही सांगायला लागत नाही.

१०. सहेला रे. किशोरीताई, राग भूप. शेवटचं.

भूपात पाचच स्वर, सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही, आणि आहेत ते सगळे शुद्ध. मला गाण्यातलं फार कळत नाही पण एवढं कळतं की ह्यात कुठं टोचणारं काही नाही. रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आहे, म्हणजे तू ऐकशील तेव्हा वेळ पण बरोबर असेल. आणि ह्यात पण आपलं गाव आहे बघ, जयपूर अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते, त्यांच्याकडं मोगूबाई शिकल्या, आणि मोगूबाईंकडं त्यांची मुलगी किशोरी. म्हणजे हे सूर इथूनच फिरून आलेत. पहिल्यांदा ऐकताना पाच मिनिटं वाटेल की काय चाललंय, काहीच होत नाहीये. थांब. त्या एकेका स्वरावर किती वेळ बसतात बघ, कसली घाई नाही. मला ह्याच्यात कधीतरी लक्षात येतं की दात आवळलेले सुटलेत, खांदे खाली आलेत. पूर्ण ऐक, मधे फोन बघू नको, कंपनीच्या ग्रुपवर तर अजिबात नाही.

संपलं की हेडफोन काढ आणि थोडा वेळ नुसता बस. त्या रिव्हिजनचं काय करायचं ते उद्या बघू, मेल कुठल्या तारखेला आलेली ती काढून ठेव, सकाळी चहाला मी येतो, दोघं मिळून नीट लिहू. आज रात्री कुणाला मेसेज टाइप करू नको. आणि सहेला रे संपून पण डोकं तेवढंच गरम असेल तर घरी जाऊ नको, मला फोन कर, कितीपण वाजूंदेत, मी येतो तिकडं.

वहिनीला मी सांगितलंय की तुला उशीर होणार आहे, कारण नाही सांगितलं, ते तू सांग. ती म्हणाली जेवायची थांबते. पोचलास की मिस कॉल दे, मी जागाच आहे.